‘काही लागलं तर फोनवर आहे’ या पाच शब्दांनी घात केला

*ताई, मागच्या मंगळवारी उठले तर अंगात सणसणून ताप आणि डोकं नुसतं ठणकत होतं. साडेआठला लीडना मेसेज टाकला: ‘सर, बरं वाटत नाहीये, आज सुट्टी घेते. काही लागलं तर फोनवर आहे.’ दिवसभरात अकरा फोन आले. दुपारी ३ वाजता क्लायंटला जाणारा रिपोर्ट शेवटी मीच अंथरुणात बसून पूर्ण केला, कारण ताजी फाइल माझ्याच लॅपटॉपवर होती. तो पावणेपाचला गेला. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, ‘नीट कळवायला हवं होतं.’ मी कळवलं नव्हतं का? असं अचानक आजारी पडल्यावर नेमकं लिहायचं तरी काय?*

तुम्ही कळवलं होतं, आणि वेळेत कळवलं होतं. मेसेजचं पहिलं वाक्य जसंच्या तसं ठेवा. सगळी गडबड दुसऱ्या वाक्याने झाली.

मी सात वर्षं टीम लीड म्हणून काम केलं. असे मेसेज मी सकाळी डोळे चोळत वाचलेले आहेत, म्हणून समोरच्याच्या मनात काय होतं ते सांगू शकते. आधी काळजीच वाटते. पण पाठोपाठ प्रश्न येतो, आज हिच्याकडे काय काय होतं? कामांच्या बोर्डवर तुमच्या नावापुढे पाच-सहा कामं दिसतात. त्यातलं आजच जायला हवं असं कुठलं, निम्मं झालेलं कुठलं, आणि काल संपलं पण बोर्डवर सरकवायचं राहिलं असं कुठलं, हे त्या यादीवरून कळत नाही. मेसेजमध्ये तर लिहिलंय की फोनवर आहे. मग माणूस फोन करतो. एक गोष्ट विचारून ठेवतो, तासाभराने दुसरी आठवते, तेवढ्यात टीममधला आणखी कोणीतरी तिसरी विचारतो. अकरा फोन असेच होतात. त्यातला एकही करताना आपण तापात पडलेल्या माणसाला उठवतोय असं कोणाला वाटत नाही, कारण परवानगी तुमच्याच मेसेजने दिलेली असते.

त्यामुळे आजारपणाच्या मेसेजमध्ये रजेच्या वाक्याखेरीज दोनच गोष्टी लागतात. तुम्ही नसल्याने आज काय अडेल, आणि तुम्ही नेमक्या कधी भेटाल. दोन्ही सोप्या वाटतात, पण दोन्हीत फसायला होतं.

‘आज काय अडेल’ पासून सुरुवात करू. तापात डोकं चालत नाही, मग आपण जे आठवेल ते लिहून टाकतो: रिपोर्ट आहे, मीटिंग आहे, त्या दोन मेलना उत्तर द्यायचं होतं, नवीन मुलाला ट्रेनिंग द्यायचं होतं. लीडला पुन्हा एक यादीच मिळते. त्याऐवजी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा: हे आज झालं नाही तर संध्याकाळपर्यंत कोणाचं अडेल? तुम्ही आज काय करणार होता याचा इथे काही संबंध नाही. तुमच्या टीमबाहेरचं कोणी आज त्याची वाट बघत असेल, किंवा टीममधल्या कोणाचं पुढचं काम त्यावर थांबलं असेल, तरच ते मेसेजमध्ये यायला हवं. या चाळणीतून बहुतेक दिवशी एक काम उरतं, फार तर दोन. तुमच्या मंगळवारी एकच होतं, तो रिपोर्ट. बाकीच्यांसाठी ‘बाकी सगळं उद्यापर्यंत थांबेल’ एवढं लिहिलं की पुरे. हे वाक्य न विसरता लिहा, कारण ते वाचल्यावर लीड बोर्ड उघडून शोधाशोध करायचं थांबतो.

आता ते एक काम नीट सांगायचं. नुसतं ‘रिपोर्ट ३ वाजता जायचा आहे’ हे सरांना बहुधा माहीतच होतं. त्यांना हवं होतं ते वेगळं: फाइल कुठे आहे, ती कुठवर आली आहे, उरलंय काय, आणि उरलेलं करायला लागणारी गोष्ट येणार कुठून. यातला शेवटचा भाग जवळजवळ सगळेच विसरतात. फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली तरी त्यात भरायचे आकडे तुमच्या एकटीच्या मेलवर येत असतील, तर सहकारी उघड्या फाइलसमोर हात बांधून बसतो. मंजुरीचा ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येत असेल तरी तेच.

मी लीड असताना हे डोळ्यांनी पाहिलंय. एका सहकाऱ्याने सुट्टीच्या सकाळी उत्तम मेसेज पाठवला होता, फाइल होती, सूचना होत्या, सगळं होतं. पण दुसऱ्या विभागाकडून येणारा एक आकडा रोज त्याच्या मेलबॉक्समध्ये येत असे आणि हे त्याच्या इतकं सवयीचं झालं होतं की लिहायचं त्याला सुचलंच नाही. आम्ही दुपारपर्यंत त्या विभागाला ‘अजून आकडा का नाही पाठवला’ म्हणून विचारत होतो आणि ते सांगत होते की ११ लाच पाठवला. आकडा आला होता, फक्त आमच्यापैकी कोणाला दिसत नव्हता. म्हणून स्वतःला विचारा: या कामातलं असं काय आहे जे फक्त माझ्याकडे येतं? मेल, फोन, ओटीपी, एखादं लॉगिन. त्याची वाट आज सकाळीच दुसरीकडे वळवायची. पाठवणाऱ्याला दोन ओळी लिहायच्या की आज हे माझ्याऐवजी अमुक माणसाला पाठवा. घाईत पासवर्ड मात्र कोणाला देऊ नका, कितीही जवळचा सहकारी असला तरी. त्याच्याकडे स्वतःचं लॉगिन नसेल तर तसं लीडला सांगा, ते मिळवून देणं लीडचं काम आहे.

तुमच्या लॅपटॉपवरच्या फाइलचंही तसंच. मंगळवारी साडेआठला पाच मिनिटं उठून ती फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये टाकली असती तर दुपारचे दोन तास वाचले असते. पण समजा उठवतच नव्हतं, तर तेही खरं लिहायचं: ‘ताजी फाइल माझ्या लॅपटॉपवर आहे, फोल्डरमध्ये शुक्रवारची आहे.’ हे वाचून लीडला सकाळी ९ वाजताच निर्णय घेता येतो की शुक्रवारच्या फाइलवरून पुढे जायचं, की क्लायंटला उशीर होईल असं आताच कळवायचं. तीच गोष्ट अडीचला कळली तर हातात काहीच उरत नाही.

तुमच्या पत्रात रिपोर्टमध्ये काय होतं ते नाही, म्हणून एक उदाहरण धरून तुमच्या जागी मी मेसेज कसा लिहिला असता ते दाखवते. समजा रिपोर्टमध्ये परत आलेल्या मालाचे आकडे भरायचे राहिलेत, ते गोदामाकडून मेलवर येतात, आणि हा रिपोर्ट एकदा केलेला एक सहकारी टीममध्ये आहे. त्याला आपण क्ष म्हणू.

*सर, रात्रीपासून ताप आहे, आज काम जमणार नाही. आजारपणाची रजा घेते.*

*आज अडेल असं एकच काम आहे: क्लायंटचा साप्ताहिक रिपोर्ट, ३ वाजता जायचा आहे. फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ‘साप्ताहिक’ या नावाखाली आत्ताच टाकली आहे, नावात कालची तारीख आहे. परत आलेल्या मालाचे आकडे सोडून सगळं भरलंय. ते ११ च्या सुमारास गोदामाकडून मेलवर येतात. आज तुम्हाला आणि क्षला पाठवा असं मी त्यांना कळवलं आहे. आकडे चौथ्या शीटमध्ये भरले की बेरजा आपोआप होतात, काम अर्ध्या तासाचं आहे. क्षने मागच्या महिन्यात एकदा केलंय. त्याला द्यायचं की आणखी कोणाला ते तुम्ही बघा.*

*१२ ची मीटिंग माझ्याशिवाय चालेल. बाकी सगळं उद्यापर्यंत थांबेल.*

*आता औषध घेऊन झोपते. १ ते १:१५ फोन बघेन, काही विचारायचं असेल तर इथेच लिहून ठेवा. तेव्हा माझं उत्तर आलं नाही तर झोपले आहे असं समजा आणि वाट न बघता तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आकडे आलेच नाहीत तर ‘हे आकडे उद्या देतो’ अशी टीप टाकून रिपोर्ट वेळेत पाठवता येईल, मागे एकदा आपण तसं केलं होतं.*

*उद्याचं आज संध्याकाळी ६ पर्यंत कळवते.*

लांब वाटतो, पण वाचायला मिनिटभर लागतं आणि त्यानंतर फोन करायचं कारण उरत नाही. यात एका वाक्याकडे जरा थांबून बघा: ‘त्याला द्यायचं की आणखी कोणाला ते तुम्ही बघा.’ आपण बरेचदा परस्पर सहकाऱ्याला सांगून टाकतो आणि लीडला कळवतो की क्ष करतोय. त्यात हेतू चांगलाच असतो, पण त्या दिवशी क्षकडे दुसरं काही तातडीचं असू शकतं, जे तुम्हाला माहीत नाही आणि लीडला माहीत आहे. काम कोणाला जमेल हे सुचवणं तुमच्याकडे, द्यायचं कोणाला हे लीडकडे. क्षलाही आजारी माणसाला ‘नाही जमणार’ म्हणायची वेळ येत नाही. गोदामाला क्षचं नाव दिलंय ते मेल दोघांच्या नजरेत राहावा म्हणून. काम दुसऱ्याला दिलं गेलं तर लीड तो मेल पुढे पाठवू शकतो.

आता ‘कधी भेटाल’ याबद्दल. लोक इथे दोन टोकांना जातात. एक तुमच्यासारखं, दिवसभर फोनवर आहे म्हणून. दुसरं म्हणजे मेसेज टाकून फोन बंद, आणि कधी चालू होणार ते सांगितलेलं नाही. दोन्हीत समोरचा माणूस लटकत राहतो. पहिल्यात तो विचारत राहतो, दुसऱ्यात तो ‘आता लागेल, मग लागेल’ असं म्हणत निर्णय पुढे ढकलतो. यापेक्षा दिवसातली एकच छोटी वेळ द्या. पंधरा मिनिटं पुरतात. ती वेळ कामाच्या वेळेवरून ठरवायची. रिपोर्ट ३ ला जायचा असेल आणि आकडे ११ ला येत असतील, तर १ ही बरी वेळ आहे. तोवर काय अडलंय ते समोरच्याला कळलेलं असतं, आणि तुमच्या उत्तरानंतर दुरुस्तीला दोन तास हातात राहतात. १० वाजता भेटून उपयोग नाही, कारण तोवर प्रश्नच पडलेले नसतात. अडीचला भेटून तर त्याहून नाही.

सांगितलेली वेळ पाळायची. पाळता येईल याची खात्री नसेल तर ती देऊच नका, ‘आज दिवसभर भेटणार नाही’ असं स्वच्छ लिहा. तेही चालतं, आजारी माणसाला तो हक्क आहे. मात्र तेव्हा ‘माझं उत्तर आलं नाही तर’ या वाक्याला फार किंमत येते. त्या वाक्याने तुम्ही लीडला मोकळीक देता. ते नसेल तर पुष्कळ लीड, विशेषतः सभ्य असतील तर, तुमच्या कामात परस्पर हात घालायला कचरतात आणि तुमचा फोन लागायची वाट बघत बसतात.

फोन पूर्ण बंद करायचा नसेल तर आणखी एक सोय आहे. मोबाइलमध्ये व्यत्यय बंद ठेवण्याच्या सेटिंगमध्ये एक पर्याय असतो: त्याच नंबरवरून लागोपाठ दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू द्यायचा. आयफोनवर हा दुसरा फोन ३ मिनिटांच्या आत यावा लागतो, अँड्रॉइडवर १५ मिनिटांच्या आत. तो पर्याय चालू आहे ना ते एकदा तपासून घ्या, आणि मेसेजमध्ये लिहा: ‘अगदीच अडलं तर लागोपाठ दोनदा कॉल करा, तरच वाजेल.’ दुसऱ्यांदा बटण दाबण्याआधी माणूस क्षणभर विचार करतो की हे खरंच एवढं तातडीचं आहे का. बहुतेकदा नसतं.

मेसेज पाठवायची वेळ आणि जागा याबद्दल थोडक्यात. लीडचा दिवस सुरू व्हायच्या आधी, म्हणजे सकाळची पहिली मीटिंग असेल तर तिच्या निदान अर्धा तास आधी तो पोचायला हवा, कारण कामं त्याच मीटिंगमध्ये वाटली जातात. पहाटे तीनला ताप चढला आणि झोप उडाली असेल तर तेव्हाच लिहून ठेवा, फक्त सकाळी ७ ला जाईल असा लावून ठेवा. पाठवायचा लीडला थेट, ज्या ॲपवर ते सकाळी सर्वात आधी बघतात तिथे. ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर तो ‘लवकर बरी हो’च्या खाली गाडला जातो आणि ज्याने वाचायला हवा त्यानेच वाचलाय की नाही हे कळत नाही. व्हॉट्सॲपवर दोन करड्या खुणा म्हणजे मेसेज फोनपर्यंत पोचला एवढंच, निळ्या झाल्या की वाचला. पण पुष्कळांनी निळ्या खुणा बंद ठेवलेल्या असतात, म्हणून खुणांवर विसंबू नका. अर्ध्या तासात ‘ठीक आहे’ असं काही आलं नाही आणि काम आजचंच असेल, तर एक फोन करा, दोन वाक्यांत सांगा आणि मेसेज बघायला सांगा. त्यानंतर निवांत झोपा. रजेचा अर्ज सिस्टममध्ये भरायचा असेल तर तो बरं वाटल्यावर भरा. तुमच्या ऑफिसचा नियम त्याच दिवशी भरायचा असा असेल तर मात्र एकच्या त्या पंधरा मिनिटांत उरकून टाका.

आजाराबद्दल किती लिहायचं? ‘ताप आहे’ किंवा ‘तब्येत बरी नाही’ पुरतं. उलट्या किती झाल्या, थर्मामीटरवर किती आलं, रात्र कशी गेली, हे लिहायचा मोह होतो, कारण आतून वाटत असतं की खोटं बोलतोय असं कोणाला वाटू नये. ज्या लीडला विश्वास ठेवायचाय तो एका ओळीवर ठेवतो, आणि ज्याला नाही ठेवायचा त्याला तपशिलाने पटत नाही. डॉक्टरांचा दाखला लागणार असेल तर तो वेगळा विषय, तो नंतर द्या. एकच अपवाद मला महत्त्वाचा वाटतो. आजार पसरणारा असेल आणि काल तुम्ही सगळ्यांसोबत बसून काम केलं असेल, तर ते सांगा. ती माहिती त्यांच्या उपयोगाची आहे. आणि माफी एकदाच मागा, किंवा मागूच नका. ‘सॉरी सर, खूपच सॉरी’ने सुरू झालेल्या मेसेजच्या शेवटी ‘फोनवर आहे’ आपोआप येतं, हे मी अनेकदा बघितलंय.

कधी ताप इतका असतो की वर दाखवला तसा मेसेज लिहिणं शक्य नसतं. तेव्हा दोन ओळी टाका: ‘सर, ताप जास्त आहे, आज येऊ शकत नाही आणि दिवसभर भेटणार नाही. ३ चा रिपोर्ट अपूर्ण आहे, ताजी फाइल माझ्या लॅपटॉपवर आहे, कृपया क्लायंटला उशीर कळवा.’ तेही टाइप करवत नसेल तर घरातल्या कोणाला तरी लिहायला सांगा किंवा आवाजी मेसेज पाठवा. काम अपूर्ण आहे हे सकाळी कळलेलं परवडतं. लीडला सगळ्यात जास्त त्रास दुपारी अचानक कळण्याचा होतो, आणि तुमचे सर ‘नीट कळवायला हवं होतं’ म्हणाले त्यामागे मला हेच दिसतं.

एवढं करूनही ११ वाजता फोन आलाच तर? उचलू नका, कारण तो उचलला की १ ही वेळ निकालात निघते आणि पुढचे फोन सुरू होतात. जाग आलीच असेल तर एक ओळ टाका, ‘१ ला बघते सर’, आणि फोन पालथा ठेवा. १ वाजता सगळे प्रश्न एकदम वाचा, एकाच मेसेजमध्ये उत्तरं द्या आणि शेवटी लिहा की आता संध्याकाळी ६ लाच बघेन. या पंधरा मिनिटांत लॅपटॉप उघडू नका, हे मी तुम्हाला कळकळीने सांगते. ‘जरा फाइल बघूनच सांगते’ म्हणून उघडलेला लॅपटॉप तासभर मिटत नाही, आणि त्या मंगळवारी तुमचं तेच झालं. फाइल बघितल्याशिवाय उत्तर देता येत नसेल तर ‘हे आठवत नाही, तुमच्या अंदाजाने करा’ हेही उत्तरच आहे.

संध्याकाळी ६ चा मेसेज विसरू नका, तो दोन ओळींचा असतो. ताप उतरला असेल तर ‘उद्या येते, सकाळी आधी रिपोर्टचं काय झालं ते बघते.’ उतरला नसेल तर ‘उद्याही जमणार नाही, उद्या अडेल असं काही नाही’, किंवा अडेल असं असेल तर पुन्हा तेच: फाइल कुठे, उरलंय काय, येणार कुठून. सकाळपर्यंत वाट बघून ठरवू असं वाटतं, पण लीड उद्याची कामं आज संध्याकाळीच मनात लावत असतो.

आता तुम्ही बऱ्या आहात, तर वर दिलेल्या मेसेजचा साचा नोट्समध्ये उतरवून ठेवा, कामाच्या जागा रिकाम्या ठेवून. आणि त्या रिपोर्टचे आकडे कोणाच्या मेलवर येतात ते या आठवड्यातच बघा. ते एकट्या तुमच्याकडे येत असतील तर पाठवणाऱ्यांना सांगून टीमचा सामायिक मेल पत्ता त्यात घालून घ्या. फाइलही रोज निघताना फोल्डरमध्ये टाकून निघा.